वक्त्याचा परिचय वारंवार फसतो तेव्हा मसुदा कसा तपासावा

परिचय फसला आहे हे कागदावर फारसे जाणवत नाही, सभागृहात मात्र लगेच कळते. दुसऱ्या मिनिटाला मागच्या रांगांमधून कुजबुज सुरू होते आणि खुर्च्या सरकल्याचे आवाज येऊ लागतात. वक्ता उभा राहिला की पहिले वाक्य असते, “माझ्याविषयी जरा जास्तच चांगले बोलले गेले”, आणि पुढची पाच मिनिटे तो आपण खरोखर काय काम करतो ते स्वतःच सांगत बसतो. कधी तो हसत हसत एखादी चूक दुरुस्त करतो, पुरस्काराचे नाव बदलून सांगतो, आणि व्यासपीठावरील सगळे आयोजक एकाच वेळी खाली पाहू लागतात. चौथे लक्षण मला सर्वांत अवघड वाटते. परिचय करून देणारा थांबतो, वक्ता अर्धवट उठतो, तेवढ्यात आणखी एक वाक्य येते, वक्ता पुन्हा बसतो, आणि टाळ्या नेमक्या केव्हा वाजवायच्या हे कोणालाच कळत नाही.

आमच्या तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयाची व्याख्यानमाला दर जानेवारीत सात दिवस चालते. त्यातील परिचय लिहिण्याचे आणि इतरांनी लिहिलेले तपासण्याचे काम गेली सतरा वर्षे माझ्याकडे आहे, त्यामुळे शंभराहून अधिक परिचय हाताखालून गेले. लिहिणारे दरवर्षी बदलतात. कधी महाविद्यालयातील प्राध्यापिका असतात, कधी निवृत्त बँक कर्मचारी, कधी अकरावीतील एखादी चुणचुणीत मुलगी. दोष मात्र तेच असतात आणि ठरावीक जागीच असतात, म्हणून ते शोधण्याचा क्रमही आता ठरून गेला आहे. ज्या तपासणीला कमी वेळ लागतो ती आधी करावी, कारण पुष्कळदा पहिल्या दोन पायऱ्यांवरच निम्मे काम होते.

वर सांगितलेली लक्षणे वेगवेगळ्या बिघाडांची आहेत, हेही येथेच नोंदवतो. कुजबुज हे ठरावीक वाक्यांचे लक्षण आहे. वक्त्याने स्वतःची ओळख करून देणे हे मोघम स्तुतीचे लक्षण आहे. जाहीर दुरुस्तीचा अर्थ माहिती पडताळली नव्हती असा होतो, आणि उठण्या-बसण्याचा गोंधळ शेवटच्या वाक्यातून येतो.

नमुना म्हणून एक मसुदा

दोन वर्षांपूर्वी भूजलाच्या अभ्यासकांचे व्याख्यान ठरले होते. विषय होता, ‘विहिरीचे पाणी कुठून येते?’ परिचयाचा पहिला मसुदा फुलस्केपची पावणेदोन पाने भरून आला. त्याचा गाभा असा होता:

“आजचे प्रमुख वक्ते म्हणजे एक बहुआयामी व्यक्तिमत्त्व. साधी राहणी आणि उच्च विचारसरणी हे त्यांचे ब्रीद आहे. जलक्षेत्रातील त्यांचे योगदान शब्दांत मावणारे नाही. आपल्या कार्यकर्तृत्वाने त्यांनी समाजमनावर अमिट ठसा उमटवला आहे. पाण्याच्या प्रश्नाचा त्यांचा गाढा अभ्यास असून त्यांची अनेक पुस्तके प्रकाशित आहेत. अनेक मानाच्या पुरस्कारांनी त्यांना गौरवण्यात आले आहे. त्यांच्याविषयी बोलावे तेवढे थोडेच आहे. तरी मी आपला अधिक वेळ न घेता त्यांना विनंती करतो की, त्यांनी आपले अमूल्य मनोगत व्यक्त करावे आणि आपल्याला मोलाचे मार्गदर्शन करावे. धन्यवाद.”

लिहिणाऱ्या गृहस्थांनी यावर दोन संध्याकाळी घालवल्या होत्या आणि व्याकरणाची एकही चूक केली नव्हती. तरीही हा मसुदा मी वर लिहिलेल्या चारही लक्षणांच्या दिशेने जाणारा होता. यापुढील प्रत्येक तपासणी याच मसुद्यावर करून दाखवतो.

घड्याळ लावून मोठ्याने वाचावे

या तपासणीला पैसा लागत नाही आणि पाच मिनिटांत ती होते, तरी बहुतेक जण ती टाळतात, कारण घरात एकट्याने मोठ्याने वाचण्याचा संकोच वाटतो. ध्वनिक्षेपकावर संथ आणि स्पष्ट वाचताना माझा वेग मिनिटाला शंभर ते एकशे दहा शब्दांच्या आसपास असतो. आपला वेग स्वतः मोजून पाहावा, तो याच्या फार पुढे जात असेल तर आपण घाईत वाचतो आहोत. परिचयाला दोन मिनिटे, म्हणजे साधारण दोनशे शब्द, ही मर्यादा मी धरतो. ती मनमानी नाही. आपल्याकडे परिचयाच्या आधी दीपप्रज्वलन, स्वागतगीत, पाहुण्यांचे स्वागत आणि प्रास्ताविक झालेले असते, आणि परिचयाला उभे राहणाऱ्याच्या वाट्याला असे श्रोते येतात ज्यांनी वीस-पंचवीस मिनिटे कोणाचे तरी ऐकूनच घेतलेले असते. पावणेदोन पानांचा तो मसुदा वाचायला सव्वाचार मिनिटे लागली.

वाचताना जिथे श्वास पुरत नाही आणि जिथे जीभ अडखळते त्या जागी पेन्सिलीने खूण करावी. त्या गृहस्थांनी मसुदा तीनदा वाचला आणि ‘कार्यकर्तृत्वाने’ या शब्दाशी तिन्ही वेळा अडखळले. जो शब्द आपण घरी किंवा कार्यालयात कधीच उच्चारत नाही, तो दोनशे लोकांसमोर नीट येत नाही, आणि असे अडखळणारे शब्द बहुतेक वेळा ज्यांना काही अर्थ नसतो तेच निघतात, असा माझा अनुभव आहे.

याच बैठकीत प्रास्ताविक करणाऱ्या व्यक्तीचा कागद मागवून शेजारी ठेवावा. व्याख्यानमालेचा इतिहास, गावाची परंपरा आणि ‘आजचा विषय किती कालोचित आहे’ हे सर्व प्रास्ताविकात येऊन गेलेले असते. तेच परिचयात पुन्हा आले तर श्रोत्यांना वाटते की कार्यक्रम पुढे सरकतच नाही. आमच्या मसुद्यात वाचनालयाच्या स्थापनेवर एक अख्खा परिच्छेद होता. तो काढला आणि एका फटक्यात सव्वा मिनिट वाचले.

नाव, पद आणि पुरस्कार एका फोनवर पडताळावेत

परिचयातील सर्व दोषांमध्ये हा एकच दोष असा आहे की ज्याची लाज वक्त्यालाही वाटते. माझ्या दुसऱ्याच वर्षी एका कवयित्रींचा परिचय करून देताना मी ‘साहित्य अकादमी पुरस्कारप्राप्त’ असे वाचले. त्यांना मिळालेला पुरस्कार राज्य शासनाचा होता. त्यांनी उभ्या राहून अतिशय सौम्यपणे सांगितले, “अकादमीचा अजून मिळायचा आहे, तुम्ही आधीच दिलात.” सभागृह हसले. मी शेवटच्या रांगेत जाऊन बसलो.

ही चूक का होते ते सांगितले पाहिजे, कारण ती पुन्हा पुन्हा होते. साहित्य अकादमीच्या मुख्य वार्षिक पुरस्काराशिवाय अनुवाद, बालसाहित्य आणि युवा असे वेगळे पुरस्कार आहेत, आणि वर्तमानपत्रातील कात्रणात किंवा पुस्तकाच्या मलपृष्ठावर ते सर्व ‘अकादमी पुरस्कार’ या दोन शब्दांत उरकले जातात. संस्थांच्या नावांचेही तसेच आहे. पुण्याची महाराष्ट्र साहित्य परिषद ही १९०६ सालची संस्था आहे, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ हे शासनाचे मंडळ आहे, आणि अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळ हे तिसरेच आहे. लिहिणारा मात्र ‘साहित्य परिषदेचा पुरस्कार’ किंवा ‘साहित्य मंडळाचा सन्मान’ असे लिहून मोकळा होतो. संमेलनाध्यक्षपदाबाबतही हेच घडते. अखिल भारतीय संमेलनाचे अध्यक्षपद, एखाद्या विभागीय संमेलनाचे अध्यक्षपद आणि संमेलनातील एका परिसंवादाचे अध्यक्षपद या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि श्रोत्यांमध्ये हा फरक ठाऊक असलेला एक तरी माणूस असतोच.

पद्म पुरस्काराबद्दल एक वेगळी सूचना आहे. ‘पद्मश्री अमुक तमुक’ असे नावाला जोडून लिहिण्याची आपल्याकडे इतकी सवय आहे की त्यात काही चुकते असे कोणाला वाटतच नाही. राज्यघटनेच्या कलम १८ ने किताब रद्द केले आहेत. भारतरत्न आणि पद्म पुरस्कार हे किताब नसून सन्मान आहेत म्हणून ते घटनेशी विसंगत ठरत नाहीत, मात्र ते नावाच्या आधी किंवा नंतर लावू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेले आहे. त्यामुळे ‘त्यांना अमुक साली पद्मश्रीने सन्मानित केले’ असे पूर्ण वाक्य लिहावे. ते ऐकायलाही चांगले वाटते, कारण त्यात साल येते आणि सन्मान कशासाठी मिळाला ते सांगायला जागा मिळते.

फोन वक्त्यालाच करावा. नावाचा उच्चार, आडनावातील ऱ्हस्व-दीर्घ, सध्याचे पद आणि निवृत्त असल्यास तसा उल्लेख हवा की नको, एवढे विचारावे. जुन्या कार्यक्रमपत्रिकेवरून माहिती उतरवू नये. तिच्यावरची माहिती त्याआधीच्या पत्रिकेवरून उतरवलेली असते, आणि चूक अशी वर्षानुवर्षे पुढे जात राहते.

नाव झाकून पाहावे

आता मुख्य बिघाड. वक्त्याचे नाव बोटाने झाकावे, त्या जागी आपल्या ओळखीच्या एखाद्या अगदी वेगळ्या व्यक्तीचे नाव ठेवावे आणि वाक्य वाचावे. मी नेहमी आमच्या गावातील दंतवैद्यांचे नाव ठेवतो. “दंतक्षेत्रातील त्यांचे योगदान शब्दांत मावणारे नाही.” चालते. “समाजमनावर अमिट ठसा उमटवला आहे.” तेही चालते, दाढ काढून घेतलेल्या कोणत्याही माणसाला विचारावे. जे वाक्य दंतवैद्याला आणि भूजलाच्या अभ्यासकाला सारखेच शोभते, ते दोघांपैकी एकाविषयीही काही सांगत नाही. आमच्या मसुद्यातील आठपैकी सात वाक्ये या कसोटीवर बाद झाली. उरले ते फक्त ‘पाण्याच्या प्रश्नाचा गाढा अभ्यास’ हे, कारण त्यात निदान पाणी होते.

बाद झालेली वाक्ये दोन प्रकारची असतात आणि त्यांचा उपाय वेगळा आहे, म्हणून ती वेगळी काढावीत. पहिला प्रकार म्हणजे निव्वळ साचा: ‘बहुआयामी व्यक्तिमत्त्व’, ‘साधी राहणी आणि उच्च विचारसरणी’, ‘बोलावे तेवढे थोडेच’, ‘ज्यांना परिचयाची गरज नाही असे’. यांच्यामागे लिहिणाऱ्याला काहीही सांगायचे नव्हते, तर फक्त जागा भरायची होती. ती सरळ खोडावीत. खोडल्यावर काहीही कमी झाल्यासारखे वाटत नाही. ‘परिचयाची गरज नाही’ म्हणून पुढे चार मिनिटे परिचय करून देणारे मी इतके पाहिले आहेत की ते वाक्य ऐकले की मी घड्याळ पाहतो.

दुसरा प्रकार मोघम स्तुतीचा. ‘योगदान’, ‘गाढा अभ्यास’, ‘अनेक पुस्तके’, ‘मानाचे पुरस्कार’ या शब्दांमागे खरी माहिती असते, पण ती झाकली गेलेली असते. येथे खोडू नये, विचारावे. प्रत्येक विशेषणाखाली रेघ मारून समासात एकच शब्द लिहावा: ‘कशावरून?’ गाढा अभ्यास कशावरून? अनेक पुस्तके म्हणजे किती, आणि त्यांतील कोणते पुस्तक आजच्या विषयाशी जोडलेले आहे? मी ही खूण केली तेव्हा त्या गृहस्थांना उत्तर देता येईना, आणि त्यात त्यांचा दोष नव्हता. त्यांना वक्त्यांचे नाव, खाते आणि व्याख्यानाचा विषय यांपलीकडे काही दिलेच नव्हते. मोघम स्तुती लिहिणारे सहसा आळशी नसतात. त्यांच्याजवळ माहिती नसते आणि पान तर भरायचे असते.

मराठीत लिहिताना आणखी एका जागी लक्ष ठेवावे लागते. ‘गौरवण्यात आले आहे’, ‘सन्मानित करण्यात आले’, ‘योगदान देण्यात आले’ अशा रचनेत कर्ता नाहीसा होतो आणि त्याच्याबरोबर माहितीही जाते. कोणी गौरवले, केव्हा आणि कशासाठी, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर द्यावे लागत नाही, म्हणून ही रचना माहिती नसलेल्या माणसाला फार सोयीची वाटते. मसुद्यात ‘-ण्यात आले’ शोधावे आणि प्रत्येक ठिकाणी कर्ता परत आणून पाहावा. कर्ता सापडला तर वाक्य सुधारते, सापडला नाही तर वाक्य काढावे.

शेवट बोटाने दाखवता येतो का ते पाहावे

परिचयाचा शेवट बिघडण्याचे कारण अर्धे सवयीत आहे आणि अर्धे मराठी वाक्याच्या घडणीत. सवयीचा भाग सोपा आहे. ‘मी आपला अधिक वेळ न घेता’ म्हणताना वेळ घेतला जातोच, शिवाय आतापर्यंत जे झाले तो वेळ फुकट गेला असे आपणच कबूल करतो. ‘मनोगत व्यक्त करावे’ हे सत्कारमूर्तीला म्हणायचे असते. व्याख्यान द्यायला आलेल्या अभ्यासकाला ते म्हटले तर त्याच्या तीस वर्षांच्या कामाचे मनोगत होऊन जाते. ‘मार्गदर्शन’ हा शब्दही प्रत्येक वक्त्याला लावू नये, कारण काही जण प्रश्न विचारायला येतात आणि तसे आलेले पुष्कळदा जास्त चांगले बोलतात. शेवटचे ‘धन्यवाद’ तर काढलेच पाहिजे. टाळ्या वक्त्यासाठी असतात, आणि आपण धन्यवाद म्हणून त्या स्वतःकडे घेतो.

वाक्याच्या घडणीचा भाग नीट समजून घ्यावा लागतो. मराठीत क्रियापद शेवटी येते. “मी श्री. अमुक यांना विनंती करतो की त्यांनी आपले विचार मांडावेत” या वाक्यात नाव सुरुवातीलाच येऊन जाते. नाव ऐकले की श्रोते टाळ्या वाजवतात, वक्ता उठू लागतो, आणि उरलेले दहा शब्द टाळ्यांत बुडतात किंवा टाळ्याच मधे अडकून विरतात. उठण्या-बसण्याचा जो गोंधळ मी आरंभी सांगितला, तो नेमका येथे जन्मतो. उपाय एवढाच की शेवटची दोन वाक्ये अशी फिरवावीत की विषय आधी येईल आणि नाव हा अगदी शेवटचा शब्द असेल. “आजचा विषय आहे अमुक, आणि वक्ते आहेत, श्री. अमुक तमुक.” क्रियापद ‘आहेत’ आधी येऊन गेले, नाव मोकळे राहिले. नावानंतर एकही शब्द नको, ‘सर’ किंवा ‘मॅडम’सुद्धा नको. नाव उच्चारून वक्त्याकडे पाहावे, टाळ्या सुरू झाल्या की कागद घेऊन बाजूला व्हावे.

नाव शेवटी आणायचे असेल तर परिचयभर ते घेऊच नये का, असे मला एकदा विचारले गेले. पत्रिकेवर आणि मागच्या फलकावर नाव असतेच, त्यामुळे लपवण्याचा आव आणू नये. ‘आजचे वक्ते’ किंवा ‘ते’ म्हणून भागते. दोन ज्येष्ठ पाहुणे व्यासपीठावर असतील तर मात्र ‘ते’ कोणासाठी आहे याचा घोटाळा होतो, आणि अशा वेळी नाव एकदा मध्ये घेणेच बरे.

मजकूरच नसेल तर

खोडाखोड करून झाल्यावर आमच्या मसुद्यात ‘भूजल’, ‘पुस्तके’ आणि वक्त्यांचे नाव एवढेच शिल्लक राहिले. येथे शब्दांची डागडुजी थांबवावी लागते, कारण दुरुस्त करायला काही उरलेलेच नसते. ही सर्वांत महागडी पायरी आहे, म्हणजे अर्ध्या तासाचा दूरध्वनी आणि जमल्यास वक्त्याने लिहिलेले निदान एक पुस्तक किंवा लेख वाचणे.

फोनवर ‘तुमच्या कार्याविषयी सांगा’ असे विचारू नये. उत्तर ‘विशेष काही नाही’ असे येते किंवा मग स्वतःबद्दलचे छापील पान पाठवले जाते. मी तीन प्रश्न विचारतो. कामाचा एक साधा दिवस कसा असायचा? लोक तुम्हाला कोणता प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात? आणि तुमच्या परिचयात काय सांगू नये असे तुम्हाला वाटते? तिसऱ्या प्रश्नावर लोक मोकळे होतात.

आमचे वक्ते भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेतून निवृत्त झाले होते. पहिल्या प्रश्नावर त्यांनी सांगितले की ठरलेल्या निरीक्षण विहिरींवर वर्षातून चार वेळा जायचे, काठावरून टेप सोडायची, पाणी किती मीटर खाली आहे ते वहीत लिहायचे, आणि हे एकतीस वर्षे केले. दुसऱ्यावर म्हणाले, “सगळीकडे एकच विचारतात. शेजाऱ्याच्या विहिरीला मे महिन्यात पाणी आहे, माझी फेब्रुवारीतच का आटली?” मग त्यांनी स्वतःहून एक हकीकत सांगितली. एका गावात चाळीस फुटांच्या अंतरावरील दोन विहिरींची नेमकी अशी स्थिती होती, आणि मधे जमिनीखाली कठीण खडकाची एक उभी भिंत निघाली. आपल्या काळ्या खडकात अशा भिंती असतात, त्यांना डाइक म्हणतात आणि त्या पाणी अडवतात. तिसऱ्या प्रश्नावर उत्तर आले, “जलतज्ज्ञ म्हणू नका. आणि ती भिंतीची गोष्ट तुम्ही सांगून टाकू नका, माझे व्याख्यान तिथूनच सुरू होते.”

हे शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. फोनवर मिळालेली चांगली हकीकत परिचयात वापरण्याचा मोह फार होतो, आणि मग वक्त्याजवळ तीच हकीकत उरते जी श्रोत्यांनी आत्ताच ऐकली. प्रश्न आपण मांडावा, उत्तर वक्त्यासाठी ठेवावे. पुस्तकांबद्दल विचारले तेव्हा कळले की ‘अनेक पुस्तके’ म्हणजे दोन होती, आणि त्यांतील एक गावकऱ्यांसाठी लिहिलेली छोटी पुस्तिका होती. पुरस्कारांबद्दल ते काही बोलले नाहीत, म्हणून आम्हीही बोललो नाही.

त्या गृहस्थांनीच पुन्हा लिहिलेला परिचय असा झाला. मी फक्त दोन शब्द बदलले.

“शेजारच्या विहिरीला मे महिन्यात पाणी असते आणि आपली विहीर फेब्रुवारीतच का आटते, हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या घरी विचारला गेला असेल. आजच्या वक्त्यांनाही तो गावोगावी विचारला गेला आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेत एकतीस वर्षे काम करताना ते वर्षातून चार वेळा ठरावीक विहिरींवर जात, टेप सोडून पाणी किती खाली गेले ते मोजत आणि वहीत लिहून ठेवत. निवृत्त झाल्यावर, गावाच्या पाण्याचा जमाखर्च गावकऱ्यांना स्वतः मांडता यावा म्हणून त्यांनी एक पुस्तिका लिहिली. ती आज बाहेरच्या टेबलावर ठेवली आहे. चाळीस फुटांवरच्या दोन विहिरींत एवढा फरक कसा पडतो, ते आज आपण ऐकणार आहोत. विषय आहे, ‘विहिरीचे पाणी कुठून येते?’ आणि वक्ते आहेत, श्री. …”

वाचायला एक मिनिट लागले. टाळ्या नावावर वाजल्या. वक्त्यांनी ध्वनिक्षेपक जवळ घेतला आणि पहिलेच वाक्य म्हणाले, “मधे एक भिंत होती.”

कुठे थांबावे

वरील तपासण्या बोलल्या जाणाऱ्या परिचयासाठी आहेत. मजकूर मानपत्रावर, स्मरणिकेत किंवा फलकावर छापला जाणार असेल तर तो आपल्याच डोळ्यांवर सोडू नये, मुद्रितशोधकाकडे द्यावा आणि त्यासाठी निदान तीन-चार दिवस हातात ठेवावेत. स्वतः लिहिलेल्या मजकुरातील चूक स्वतःला दिसत नाही, आणि चौकटीत बसवलेली चूक भिंतीवर कायम राहते. पुस्तकाच्या प्रस्तावनेचे गणित पूर्ण निराळे असते, ते काम प्रकाशकाच्या संपादकाचे आहे.

वक्त्याचा विषय असा असेल की त्याच्या कामातील महत्त्वाचे काय आणि किरकोळ काय हे आपल्याला कळतच नाही, तर त्या क्षेत्रातील माणसाला मसुदा दाखवल्याशिवाय तो वाचू नये. गणिताच्या एका प्राध्यापकांच्या परिचयात आम्ही त्यांच्या मुख्य शोधनिबंधाऐवजी एका पाठ्यपुस्तकाचे कौतुक केले होते, आणि ते त्यांना किती लागले हे आम्हाला वर्षभराने कळले. वक्त्याच्या नावाशी एखादा वाद किंवा न्यायालयातील प्रकरण जोडलेले असेल, आणि त्याचा उल्लेख करावा असे समितीतील कोणाला वाटत असेल, तर शब्द शोधत बसू नये. आधी वकिलाला विचारावे. उल्लेख टाळायचा असेल तर तो पूर्णपणे टाळावा, सूचक वाक्य तर मुळीच ठेवू नये.

आणि कार्यक्रमाला पंधरा मिनिटे उरली असताना कोणी कागदावर भर घालायला आले तर नम्रपणे नाही म्हणावे. त्या वेळी फक्त कापता येते. गेल्या वर्षी अध्यक्षांनी माझ्या कानात सांगितले की वक्ते आपल्या जिल्ह्याचे जावई आहेत, तेवढे घाला. मी घातले नाही. त्यांनी ते अध्यक्षीय भाषणात सांगितले, आणि ते तिथेच शोभले.